स्वामीकृपा की चिंचेखालचे दुकान?

प्रश्न: आमच्या कॉलनीत किराणा दुकान सुरू करतो आहे. लहान पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहील आणि पटकन सापडेल असं नाव काय ठेवावं? दोन-चार नावं सुचवा.

उत्तर: नाव मी सुचवणार नाही, कारण तुमचे दुकान मी पाहिलेले नाही. मात्र ज्या नावाच्या शेवटी ‘कृपा’ आहे ते ठेवू नका, एवढे आधी सांगते. त्यामागे आमच्या घरातला आठ वर्षांचा वाद आहे आणि त्या वादात माझे म्हणणे बरोबर होते, हे मला कुठेतरी लिहून ठेवायचेच होते.

नाशिकला सिडको भागात आम्ही २०११ मध्ये दुकान सुरू केले. अंबडची औद्योगिक वसाहत जवळ असल्यामुळे गिऱ्हाईक मिश्र आहे. खानदेशातून आलेली कुटुंबे, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आणि जुने नाशिककर असे सगळेच आमच्याकडे येतात. गल्ल्यावर दिवसभर मी बसते. नाव ठेवले ते माझ्या थोरल्या दिरांनी, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात: ‘श्री स्वामीकृपा किराणा अँड जनरल स्टोअर्स’. त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, मीही देवाला हात जोडूनच शटर उघडते. परंतु त्याच रस्त्यावर एक ‘साईकृपा’ आणि एक ‘गुरुकृपा’ होते, पुढच्या चौकात आणखी एक ‘स्वामीकृपा’ होते, आणि हे मी तेव्हाच दाखवून दिले होते. “देवाचं नाव आहे, दहा ठिकाणी असलं म्हणून काय बिघडलं?” असे दादांचे उत्तर होते.

काय बिघडते ते दोन वर्षांनी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कळले. होलसेलवाल्याकडून आमचे तेलाचे दहा डबे निघाले होते. टेंपोचा चालक नवीन होता, त्याने पुढच्या चौकातल्या ‘स्वामीकृपा’समोर गाडी लावली, तिथल्या पोराने सही केली आणि डबे आत गेले. संध्याकाळपर्यंत मी गिऱ्हाइकांना “तेल येतंय, तेल येतंय” सांगत बसले. शेवटी त्या दुकानदारांनीच बिल नीट पाहून फोन केला आणि डबे परत दिले. माणूस सज्जन होता म्हणून निभावले. तोपर्यंत चकलीचे पीठ मळायला बसलेल्या बायका दुसरीकडून तेल घेऊन गेल्या होत्या.

पुढे मोबाइलवर दुकान शोधण्याचे दिवस आले आणि ‘कृपा’ची खरी गंमत तेव्हा कळली. आपण मराठी माणसे हा शब्द रोमन अक्षरांत लिहिताना Krupa लिहितो, तर हिंदी बोलणारे Kripa लिहितात. त्यात ‘स्वामी’ जोडून लिहायचे की तोडून, म्हणजे Swamikrupa, Swami Krupa, Swamikripa आणि Swami Kripa अशी एकाच दुकानाची चार नावे झाली. नकाशावर आम्ही यांतले पहिले नोंदवले होते. कारखान्यातला बिहारी मुलगा चौथे टाइप करायचा आणि नकाशा त्याला भलत्याच दुकानात पाठवायचा. ‘ज्ञ’चेही तसेच आहे, आपण Dnyan लिहितो, ते Gyan लिहितात. ‘वृंदावन’, ‘अमृत’, ‘समृद्धी’, ‘यज्ञ’ ही सगळी नावे ऐकायला गोड आहेत, पण ऋ आणि ज्ञ असलेले नाव मी तरी दुकानाला देणार नाही. तुमच्या मनातले नाव कागदावर न दाखवता पाच जणांना तोंडी सांगा आणि त्यांना ते आपापल्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहायला लावा. पाचांत तीन तऱ्हा निघाल्या तर ते नाव सोडून द्या.

खरा निकाल मात्र गिऱ्हाइकांच्या मोबाइलनेच दिला. आमच्याकडे बरेच जण सामानाची यादी फोनवर पाठवतात, त्यामुळे दुकानाचा नंबर प्रत्येकाकडे असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मी आठवडाभर एक उद्योग केला. पैसे द्यायला मोबाइल बाहेर काढलेल्या ओळखीच्या वीस जणांना मी विचारले, “माझा नंबर कोणत्या नावाने ठेवलाय, दाखवा बरं.” आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. अकरा जणांकडे कुठल्या ना कुठल्या रूपात चिंच होती: ‘चिंच दुकान’, ‘चिंचेखालच्या काकू’, ‘इमली किराना’. पाच जणांकडे नुसते ‘किराणा’ किंवा ‘वाणी’ होते. तिघींनी ‘ओमची आई’ लिहिले होते, कारण माझा मुलगा त्यांच्या मुलांच्या वर्गात होता. ‘स्वामीकृपा’ एकाच फोनमध्ये सापडले आणि तो फोन दादांच्या मित्राचा होता.

दुकानासमोर चिंचेचे जुने झाड आहे. पाटीवर काहीही असले तरी सात वर्षे लोक आम्हाला त्या झाडानेच ओळखत होते. आजीबाई नातवाला पाठवताना “चिंचेखालून अर्धा किलो साबुदाणा आण” म्हणायच्या आणि तो पोरगाही बरोबर यायचा, कारण अक्षर येत नसले तरी झाड कळते. आपल्या देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे १९५१-५२ पासून, उमेदवाराला चिन्ह देतात ते याच कारणाने. ज्या नावाचे चित्र काढता येते ते चार वर्षांच्या मुलाला आणि चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना सारखेच उपयोगी पडते. ‘कृपा’चे चित्र काढून दाखवा, असे मी दादांना म्हणाले तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तरी चिंचेचे नाव ठेवायला ते सहजासहजी तयार झाले नाहीत. “आंबट नाव ठेवतेस? आणि चिंचेवर हडळ असते, माहीत आहे ना?” असे सासूबाईंच्या देखत म्हणाले. सासूबाईंनीच मग, “हडळ असती तर सात वर्षांत एकदा तरी उधार मागायला आली असती,” म्हणून विषय संपवला. मध्यममार्ग असा निघाला की मुख्य नाव ‘चिंच किराणा’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘चिंचेखालचे दुकान’ आणि पाटीच्या अगदी वर मधोमध ‘श्री स्वामी समर्थ’. पाटीवर देव ठेवायला माझी कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती शोधण्याच्या नावात त्याला बसवण्याला.

मुख्य नाव ‘चिंचेखालचे दुकान’ का ठेवले नाही, तर पुन्हा स्पेलिंगमुळे. ‘खालचे’ की ‘खालचं’ आणि Dukan की Dukaan, इथेच पुन्हा चार फाटे फुटतात. Chinch Kirana लिहिताना फारसे कोणी चुकत नाही. ‘श्री’ही काढून टाकले, कारण बोलताना ते कोणी उच्चारत नाही.

आता पाटीविषयी थोडे सांगते, कारण नाव चांगले असून पाटी वाचता न येणारी दुकाने मी पुष्कळ पाहिली आहेत. पाटी रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा असतो की सहज वाचण्यासाठी दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच हवी. आमची जुनी पाटी दहा फूट लांब आणि तीन फूट उंच होती, पण नाव सहा शब्दांचे असल्यामुळे अक्षरे जेमतेम चार इंचांची आली होती, म्हणजे चाळीस फुटांपलीकडे नुसती रांगोळी दिसायची. दोन शब्दांचे नाव झाल्यावर त्याच पाटीवर नऊ इंचांचे अक्षर बसले आणि नाक्यावरून वाचता येऊ लागले. आमच्या पेंटरकाकांनी आणखी एक गोष्ट शिकवली: गिऱ्हाईक रस्त्याने चालत येते तेव्हा दर्शनी पाटी त्याला तिरपी दिसते, म्हणून रस्त्याला काटकोनात दोन्ही बाजूंनी रंगवलेली एक लहान पाटी लावावी. तिच्यावर आम्ही फक्त चिंचेचे बोटुक रंगवले आहे. अशी बाहेर आलेली पाटी लावण्याआधी महापालिकेत विचारून घ्या. आणि नाव मराठीत, देवनागरीत, सुरुवातीलाच हवे व दुसऱ्या लिपीतले अक्षर त्याहून मोठे नको, हा नियम २०२२ च्या दुरुस्तीपासून महाराष्ट्रातल्या लहान दुकानांनाही लागू आहे, तेव्हा पेंटरला आधीच बजावा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. नाव बदलणे पाटी बदलण्याइतके सोपे नसते. गुमास्ता, अन्न परवाना, जीएसटी, चालू खाते, वजनकाट्याच्या पडताळणीचे प्रमाणपत्र, सगळीकडे जुने नाव असते. मी पाटी आधी बदलली आणि खात्याचे काम मागे ठेवले, ही माझी चूक झाली. तीन महिने क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर ‘स्वामीकृपा’ उमटायचे आणि नवीन गिऱ्हाईक बोट थांबवून “ताई, हे तुमचंच ना?” विचारायचे. एका सोसायटीने गणपतीच्या प्रसादाच्या सामानाचा धनादेश ‘चिंच किराणा’च्या नावाने दिला, तो बँकेतून परत आला. तुम्ही नव्याने सुरू करत आहात, तर बोलायचे, पाटीवरचे आणि खात्यातले नाव पहिल्या दिवसापासून एकच ठेवा.

दुसरे असे की खुणेचे नाव हिंदीत जाऊन ‘इमली’ होते. माणसाच्या डोक्यात ते पक्के बसते, परंतु नकाशावर Imli शोधून माझे दुकान मिळत नाही. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. ज्याला मराठी-हिंदीत एकच शब्द आहे अशी खूण तुमच्याकडे असेल, घंटा किंवा गुलाब असे काही, तर तुम्ही माझ्यापेक्षा सुखी असाल.

आणि हो, झाड माझे नाही, रस्त्याचे आहे. “उद्या तोडलं तर?” हा दादांचा शेवटचा मुद्दा असतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. मी त्यांना पंचवटीत जाऊन वड मोजून यायला सांगते. तरीही शेजारची गिरणी किंवा क्लास यांच्यावरून नाव ठेवू नका, कारण भाडेकरू झाडापेक्षा लवकर हलतो. खूण आपल्या ताब्यातली असेल तर उत्तमच; दरवाजा लाल रंगवा आणि ‘लाल दार’ म्हणा.

तेव्हा दुकानासमोर काय आहे, पायऱ्या किती आहेत आणि जागेला लोक आत्ताच काय म्हणतात, ते आठवडाभर नुसते ऐका आणि इथे लिहा, मग नावाचे बघू. फक्त घरातल्या थोरल्यांना विचारण्याआधी लिहा. आमचे दादा अजूनही दुकानाचा फोन उचलला की “स्वामीकृपा, बोला” म्हणतात आणि समोरचा “राँग नंबर” म्हणून ठेवून देतो.