स्तोत्र १३७ : शेवटच्या वचनाचं काय करायचं?

प्रश्न : "बाबेलच्या नद्यांकाठी" हे स्तोत्र मला फार आवडायचं. परवा पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं आणि हादरलो. लहान मुलांना खडकावर आपटणारा धन्य! हे पवित्र शास्त्रात कसं? श्रद्धाळू लोक हे वाचतात तरी कसं?

बरेचसे वाचतच नाहीत. स्तोत्र नऊ वचनांचं आहे आणि बहुतेकांच्या ओळखीची पहिली सहाच असतात: नदीकाठचं रडणं, झाडांवर टांगलेल्या वीणा, 'सीयोनेचं एखादं गाणं म्हणा की' अशी पकडून नेणाऱ्यांची फर्माईश, आणि 'यरुशलेमे, तुला विसरलो तर माझा उजवा हात झडो' ही शपथ. गुलामगिरीतून सुटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ च्या आपल्या गाजलेल्या भाषणात अमेरिकेतल्या गुलामांची व्यथा मांडताना हे स्तोत्र उद्धृत केलं, तेही शपथेपाशी थांबले. बोनी एमचं १९७८ चं गाणं तर शपथेपर्यंतही जात नाही.

कॅथलिक चर्चने ही काटछाट अधिकृतच केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७१ साली, दैनिक प्रार्थनेचं नवं पुस्तक आलं. त्यातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं पूर्ण वगळली आणि आणखी काही स्तोत्रांतली शापाची वचनं काढली. १३७ ची शेवटची तीन त्यातच गेली. असे शब्द प्रार्थनेत म्हणणं आजच्या माणसाच्या मनाला जड जातं, असं कारण त्या पुस्तकाच्या सूचनांत दिलं होतं. त्याच परिच्छेदात हेही मान्य केलंय की शापाची स्तोत्रं नव्या करारातही उद्धृत झाली आहेत. उलट ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये महाउपवासाच्या आधीच्या तीन रविवारी हेच स्तोत्र शेवटच्या वचनासकट, आलेलुया म्हणत गातात. यहुदी परंपरेत ते कामाच्या दिवशी जेवणानंतरच्या प्रार्थनेआधी म्हणायची रीत आहे, तेही पूर्ण. शब्बाथला आणि सणांना मात्र त्याऐवजी परतीच्या आनंदाचं १२६ वं स्तोत्र म्हणतात.

ज्यांना कापायचं नव्हतं आणि शब्दशः घ्यायचंही नव्हतं, त्यांनी रूपकाची वाट धरली. तिसऱ्या शतकात ओरिगेनने लिहिलं की बाबेलची बाळं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार. ते वाढून डोईजड व्हायच्या आत आपटून टाकणारा धन्य. ऑगस्टिनने हेच पुढे नेलं आणि खडक म्हणजे ख्रिस्त असं म्हटलं, कारण पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात तसं म्हटलंय. सहाव्या शतकात बेनेडिक्टच्या मठनियमात हा अर्थ थेट साधूच्या दिनचर्येत आला: कुविचार मनात येताच ख्रिस्तावर आपटावा. साधनेसाठी ही युक्ती उत्तमच आहे. पण मला विचाराल तर यात एक अडचण आहे. ज्याचं घर जळलं त्याने हंबरडा फोडला, आणि आपण त्याला सांगतोय की तुला तुझ्या वासनांबद्दल म्हणायचं होतं. स्तोत्र लिहिणाऱ्याला खरं शहर आणि खरी मुलंच म्हणायची होती, यात मला तरी शंका नाही.

म्हणून मी नववं वचन सातव्या आणि आठव्याला धरून वाचतो. इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं आणि लोकांना बाबेलला नेलं. राजा सिद्कीया पळताना सापडला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारलं आणि मग त्याचे डोळे फोडले, म्हणजे शेवटचं पाहिलेलं दृश्य तेच. हे राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात कोरड्या दोन ओळींत येतं. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात वेढ्यातली उपासमार आहे, आयांनी पोटची मुलं शिजवल्यापर्यंत. आता सातवं वचन पाहा: यरुशलेम पडत असताना 'पाडा, पायापर्यंत पाडा' असं ओरडणारे अदोमी लोक. अदोम म्हणजे एसावाचा वंश, याकोबाच्या भावाचा. शुद्ध भाऊबंदकी! ओबद्याच्या छोट्याशा पुस्तकात तर हे लोक वाटा अडवून पळणाऱ्यांना पकडून देताना दिसतात.

आणि आठवं वचन बाबेलला म्हणतं, 'तू आमचं जे केलंस तेच तुझं करणारा धन्य.' नववं या हिशेबाचा शेवट आहे. बाळांना आपटणं ही कवीची कल्पना नव्हे. त्या काळी पडलेल्या शहरात ते होत असे. नहूम मिसरातल्या थेब्स शहराच्या पतनाचं वर्णन करताना आणि होशेय शोमरोनाचं भविष्य सांगताना हेच लिहितो. ती मुलं मोठी होऊन सूड घेऊ नयेत, वंशच संपावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे जी मागणी आहे ती जशास तशी आहे, एका पैनेही जास्त नाही. याने ती सौम्य होत नाही. बाबेलच्या पाळण्यातल्या बाळाने कुणाचं मंदिर जाळलं होतं?

तरी वाचताना दोन गोष्टी सुटू देऊ नका. हे बोलणं देवाचं नाही, देवाला उद्देशून रडणाऱ्या माणसांचं आहे, आणि देव त्यावर 'तथास्तु' म्हणत नाही. स्तोत्र तिथेच तुटतं. दुसरं, बोलणाऱ्यांच्या हातात काही नाही. सैन्य नाही, शस्त्र नाही, वीणासुद्धा झाडावर. 'आम्ही करू' असं ते म्हणत नाहीत, 'जो कुणी करेल तो' म्हणतात. मला हे वचन सहन होतं ते या स्थितीत. तेच वचन सैन्य बाळगणाऱ्याच्या तोंडी आलं की अर्थ पालटतो, आणि जिथे कुणी ते आपल्या आजच्या शत्रूला चिकटवतो तिथे मी सरळ सांगतो की हे स्तोत्र तुमचं नाही. आमच्या बायबल अभ्यासात यावर वाद होतो. एक बहीण म्हणाल्या होत्या, "रागाचं देवाला सांगितलं नाही तर सांगायचं कुणाला, शेजारणीला?" दुसऱ्या एका भावांना मात्र चर्चमध्ये मुलांसमोर हे वाचणं आजही पटत नाही, आणि त्यांचंही मला चूक वाटत नाही.

प्रत्यक्षात काय झालं, हेही सांगतो. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतलं. त्या काळच्या बाबेली इतिवृत्तानुसार त्याचं सैन्य लढाईशिवाय शहरात शिरलं. स्तोत्रात मागितलेला सूड त्या दिवशी कुणी घेतला नाही, आणि यहुद्यांना परत जायची मुभा मिळाली.

याच्या जोडीला यिर्मयाचा २९ वा अध्याय वाचा. ते पत्र आहे, यरुशलेम जळण्याच्या आधी, ५९७ च्या पहिल्या तुकडीबरोबर बाबेलला नेलेल्यांना लिहिलेलं. त्यात तो म्हणतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शहर तेच, बाबेल. ग्रंथ जमवणाऱ्यांनी दोन्ही ठेवलं आणि कुठलं खरं ते सांगितलं नाही. तुम्ही हादरलात ते ठीकच आहे. न हादरता हे वचन वाचणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.