चंदेरी रंग की चंदेरी साडी?

‘ठाण्यात घरूनच हातमागाच्या साड्यांचं ऑनलाइन दुकान सुरू करतेय. “चंदेरी” हा शब्द साडीच्या प्रकारात घालू की रंगाच्या फिल्टरमध्ये? दोन्हीकडे घातला तर घोळ होतोय. आणि “इरकल” बरोबर की “इलकल”?’

चंदेरी फक्त प्रकारात. रंगाच्या यादीतून तो शब्द आजच काढा आणि तिथे ‘रुपेरी’ लिहा. जाहिरातींत ‘चंदेरी काठ’ वाचलं की मी चिडतो, कारण काठ चंदेरीचा आहे की चांदीच्या रंगाचा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

चंदेरी हे मध्य प्रदेशात, अशोकनगर जिल्ह्यात असलेलं गाव. पैठणवरून पैठणी आली, महेश्वरवरून माहेश्वरी, तशीच ही साडी. तिचा चंद्राशी संबंध नाही आणि चांदीशीही नाही. हळदी रंगाची चंदेरी असते, काळीही असते.

मग मराठीत ‘चंदेरी’चा अर्थ ‘चांदीसारखा’ कसा झाला? सोन्याचं सोनेरी, तसं चांदीचं चंदेरी, असं अनेक जाणकार सांगतात आणि तिथेच थांबतात. मला हे पटत नाही. चांदीला आपला जुना शब्द ‘रुपे’, आणि त्याचं विशेषण ‘रुपेरी’ सोनेरीच्या जोडीला केव्हाचं तयार होतं. दुसऱ्या विशेषणाची गरजच कुठे होती? माझा तर्क असा की कापड आधी आलं आणि रंग मागून. एकोणिसाव्या शतकात चंदेरी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात होती, आणि तिथलं झिरझिरीत, जरीचं कापड मराठी घरांत मानाचं होतं. चंदेरी लुगडं अंगावर चमकलेलं पाहिलं आणि त्या चमकेलाच लोकांनी ‘चंदेरी’ म्हटलं. ‘चांदी’शी मिळताजुळता आवाज असल्यानं अर्थ तिकडे सरकला, आणि पुढे चांदणंसुद्धा चंदेरी झालं. कोशात फक्त प्रत्यय शोधणाऱ्यांनी एकदा कपाटातली लुगडीही पाहावीत.

या सरमिसळीचा फटका मी जवळून पाहिला आहे. माझी मावसबहीण नवी मुंबईत घरून साड्या विकते. तिच्या यादीत रंगाचा रकाना एकच होता. त्यात ‘चंदेरी’ निवडलं की रुपेरी जरीची लाल साडी यायची, राखाडी सुती साडी यायची आणि पिवळी चंदेरीही यायची. वाशीच्या एका गिऱ्हाइकाला रुपेरी अंगाची साडी हवी होती, घरी पोचली पिवळी. शेवटी आम्ही एका रकान्याचे तीन केले: अंगाचा रंग, काठाचा रंग, जरीचा रंग. त्याच पिवळ्या साडीच्या नोंदीतल्या काही ओळी आता अशा आहेत:

```
weave=chanderi
warp=silk
weft=cotton
body=yellow
zari=silver
```

आतल्या खुणा इंग्रजी अक्षरांत ठेवल्या आणि पडद्यावर दिसणारी नावं मराठीत. त्यामुळे उद्या एखादं नाव बदललं तरी नोंदी मोडत नाहीत. शोधखिडकीत कोणी ‘चंदेरी’ टाइप केलं तर आधी प्रकार दाखवायचा आणि खाली ‘रुपेरी रंग हवा आहे का?’ असं विचारायचं. लोक शब्द दोन्ही अर्थांनी वापरणारच, म्हणून शोधात दोन्ही वाटा ठेवायच्या. यादीत मात्र एका शब्दाला एकच जागा.

नोंदीत warp म्हणजे ताणा, उभे धागे, आणि weft म्हणजे बाणा, आडवे धागे; हे वेगळे का लिहिले, तेही सांगतो. बाजारात ‘चंदेरी सिल्क’ म्हणून जे मिळतं, त्यात पुष्कळदा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. अशी साडी ‘रेशीम’ या एकाच फिल्टरखाली टाकली तर शुद्ध रेशीम शोधणारी फसते, आणि ‘सूत’खाली टाकली तर रेशमाची झळाळी शोधणारीला ती सापडतच नाही. म्हणून धाग्याच्या फिल्टरमध्ये ‘रेशीम-सूत’ हा तिसरा पर्याय हवा. विणकराकडून किंवा व्यापाऱ्याकडून माल घेतानाच ताणा कशाचा, बाणा कशाचा, हे विचारून लिहून ठेवा. फोटोवरून ते नंतर कळत नाही.

इरकल. मराठीत हेच रूप रुळलं आहे. गाव कर्नाटकातलं, बागलकोट जिल्ह्यातलं इलकल; ‘ल’चा ‘र’ आपण केला. विभागाचं नाव ‘इरकल’ ठेवा आणि ‘इलकल’ शोधाचा पर्याय म्हणून जोडा. मात्र ‘कसुती’ला इरकलच्या शेजारी प्रकार म्हणून बसवू नका. ती सुईनं केलेली भरतकामाची कला आहे, वीण नव्हे. तिला ‘भरतकाम’ या वेगळ्या फिल्टरमध्ये घाला, म्हणजे कसुती केलेली इरकल दोन्हीकडून सापडेल.