‘खरा गोंयकार’ वादात आला की काय करावं

समोरचा म्हणतो, “गोंयकार नुस्त्याशिवाय जेवत नाही,” म्हणजे गोव्याचा माणूस माशांशिवाय जेवत नाही. तुम्ही फोंड्यातलं पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेलं भटांचं घर दाखवता. त्यावर तो म्हणतो, “ते खरे गोंयकार नव्हेत.” इथे आणखी उदाहरणं देत बसू नका, प्रत्येक उदाहरण याच चाळणीतून गळेल. थेट विचारा, “मासे सोडून खऱ्या गोंयकाराची खूण कोणती?” जन्म, भाषा, वस्ती यांपैकी काहीच सांगता आलं नाही, तर मासे खाणं त्याने व्याख्येतच घुसवलंय. मग ते विधान गोव्याबद्दल काहीच सांगत नाही. तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी हीच पळवाट ‘खऱ्या स्कॉट माणसा’च्या उदाहरणाने दाखवली.

“एका घराने काय होतं, शंभर दाखवा,” हा डाव वेगळा. यात व्याख्या तीच राहते, पुराव्याची अट वाढते. म्हणून उदाहरण देण्याआधीच ठरवून घ्या: काय दाखवलं तर विधान मागे घ्याल? उत्तर लेखी असलेलं बरं.

मात्र तो “बरं, बहुतेक गोंयकार” म्हणाला तर त्याला पकडू नका. ती प्रामाणिक दुरुस्ती आहे. तसंच, “मासे खाणारा शाकाहारी नव्हे” ही पळवाट नाही. ती अट शब्दात आधीपासूनच आहे.