बोडीतला शिंपला आणि बाजारातला फोटो

प्रश्न: समुद्र कधी पाहिला नाही. मासळी बाजाराच्या फोटोत क्लॅम, ऑयस्टर, मसल, कॉकल वेगळे कसे ओळखायचे? मला तर सगळे शिंपलेच दिसतात.

मी भंडारा जिल्ह्यातला. एका मासळी विकणाऱ्याच्या वेबसाइटसाठी काही महिने घरी बसून फोटोंना नावं लावली, तेव्हा मलाही सगळे शिंपलेच दिसत.

ऑयस्टर, म्हणजे कोकणातली कालवं, आधी बाजूला काढा. खडबडीत, पापुद्रे सुटलेलं, दगडाच्या कपच्यासारखं, एकासारखं दुसरं नाही. एक शिंप खोलगट, दुसरी चपटी. मसल काळपट किंवा हिरवट, लांबुळका, एका टोकाला निमुळता. त्याची बिजागरी त्या निमुळत्या टोकाशीच असते.

इथे आपल्याकडचा माणूस फसतो. बोडीतल्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातल्या, शिंपल्यालाही इंग्रजीत मसलच म्हणतात, पण तो हातात घेऊन बघा, बिजागरी लांब पाठीवर आहे, टोकाला नाही. समुद्रातला मसल शोधताना त्याला विसरा.

खरी अडचण क्लॅम (तिसऱ्या) आणि कॉकलची. दोन्ही गोल, फुगीर, पांढरट. मी एका ट्रेला बिनधास्त 'क्लॅम' लावलं आणि काम परत आलं. शिंपांवर चिखल होता, रेघा नीट दिसत नव्हत्या. पण फोटो मोठा केला तर दोन-तीन शिंपले कड आपल्याकडे करून पडलेले होते, आणि दोन शिंपा जिथे मिटतात ती रेघ करवतीसारखी नागमोडी होती. ते कॉकल होते. क्लॅमची ती रेघ सपाट जाते.

कारण साधं आहे. क्लॅमवरच्या रेघा कडेला समांतर असतात, बोडीत खडा टाकल्यावर उठणाऱ्या लाटांसारख्या. कॉकलचे जाड कंगोरे बिजागरीजवळच्या उंचवट्यापासून, म्हणजे चोचीपासून, पंख्यासारखे कडेपर्यंत येतात, म्हणून कडेला दाते पडतात. काही क्लॅमवर उभ्याआडव्या दोन्ही रेघा असतात, पण त्या कापडाच्या विणीसारख्या बारीक असतात. कंगोरे मोजता आले, तर कॉकल. शिवाय कॉकलची चोच साधारण मधोमध असते आणि बाजूने पाहिल्यास पत्त्यातल्या बदामाचा आकार दिसतो. क्लॅमची चोच बहुधा एका बाजूला कललेली असते.

'ब्लड कॉकल' म्हणून विकतात तो खरा कॉकल नाही. कंगोरे तसेच, मांस लालसर. उकडून उघडलेला असेल तर बिजागरी बघा. ती सरळ रेषेत असते आणि तिच्यावर फणीसारखे बारीक दात ओळीने असतात. खऱ्या कॉकलची बिजागरी वाकडी, दात मोजकेच. मिटलेला असेल तर दोन चोचींच्या मधे सपाट, काळपट पट्टी दिसते का बघा. विक्रेता त्यालाही कॉकलच म्हणतो, म्हणून मी नाव तेच ठेवत असे आणि पुढे 'ब्लड' जोडत असे.

नुसतं सोललेलं मांस असलेल्या फोटोला मी नाव लावतच नसे.