मुलांच्या परिच्छेदातले धूसर ‘हे’, ‘ते’ कसे पकडायचे?

प्रश्न: नववीच्या मुलांच्या लेखनात ‘हे’, ‘त्यामुळे’, ‘त्यांनी’ कशाबद्दल आहे तेच कळत नाही. हे शोधायला आणि सुधारायला कसं शिकवू?

मी मुलांना पेन्सिलीने सर्वनामाभोवती गोल काढायला लावते आणि तिथून मागे एका शब्दापर्यंत बाण न्यायला सांगते. बाण दोन शब्दांकडे जाऊ लागला किंवा कुठेच टेकला नाही, तर तिथे चूक आहे. एका मुलाचा परिच्छेद असा होता:

“गावात कालव्याचं पाणी आलं आणि शेतकऱ्यांनी ऊस लावला. त्यामुळे जमीन खारवट झाली. हे अधिकाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं. पण त्यांनी ते ऐकलं नाही.”

‘त्यामुळे’चा बाण कुठे जातो? पाण्याकडे की उसाकडे? त्याला विचारलं तर म्हणाला, “बाई, पाणी जास्त दिलं म्हणून.” म्हणजे खरं कारण परिच्छेदात नव्हतंच! असं बरेचदा होतं. अशा वेळी नुसता शब्द बदलून भागत नाही, राहिलेलं वाक्य लिहून घ्यावं लागतं. ‘हे’चा बाण अख्ख्या वाक्यावर पडत होता. तिथे मी ‘हे’पुढे नाम लिहायला सांगते: हे काय? हा धोका. आणि ‘त्यांनी’ म्हणजे शेतकरी की अधिकारी, तेही स्पष्ट नव्हतं.

त्याने केलेली पहिली दुरुस्ती: “उसाला जास्त पाणी दिलं आणि त्याचा निचरा झाला नाही.” इथे मराठीची एक खोच आहे. ऊस पुल्लिंगी, पाणी नपुंसकलिंगी. ‘तो’ आणि ‘ते’ वेगळे दिसतात, पण प्रत्यय लागला की दोघांचंही ‘त्याचा’ होतं. ‘त्यांनी’त तर तिन्ही लिंगं आणि आदरार्थी एकवचनही मावतं. म्हणून तपासताना आधी त्याने, त्याला, त्याचा, त्यांनी हेच शोधायला लावा. तो, ती बहुतेक वेळा लिंगावरून ओळखू येतात. ‘ते’ मात्र नपुंसकलिंगी एकवचन, पुल्लिंगी अनेकवचन आणि आदरार्थीही असतं, तेव्हा त्यालाही गोल हवाच.

शेवटी हे जमलं:

“कालव्याचं पाणी आल्यावर शेतकऱ्यांनी ऊस लावला. उसाला गरजेपेक्षा जास्त पाणी दिलं आणि त्या पाण्याचा निचरा झाला नाही, त्यामुळे जमीन खारवट झाली. हा धोका अधिकाऱ्यांनी आधीच सांगितला होता, पण शेतकऱ्यांनी तो इशारा मनावर घेतला नाही.”

‘त्यामुळे’ इथेही आहे, पण आता त्याचं कारण त्याच वाक्यात लगेच आधी आहे. ते खोडायला लावू नका. एकदा ही सवय लागली की मुलं प्रत्येक सर्वनामाच्या जागी नाम घालू लागतात आणि “शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांच्या शेतात” असं लिहून ठेवतात. बाण एकाच शब्दावर पडत असेल, तर सर्वनाम तसंच राहू द्या.