वेड-नेस-डे म्हणत लिहा

ताई, इंग्रजी स्पेलिंगमधली न ऐकू येणारी अक्षरं मुलं गाळतात, म्हणून एकच शब्द वीस वेळा लिहायला लावू नका. माझ्या लेकीने वीसही वेळा तीच चूक गिरवली होती! त्यापेक्षा घरात 'लिहिण्याचा उच्चार' वेगळा ठेवा. वेन्सडे लिहिताना तोंडाने 'वेड-नेस-डे' म्हणायचं, म्हणजे डी आणि मधला ई सुटत नाही. हा वोडन देवाचा वार, डी त्याच्याच नावातला. बोलताना मात्र वेन्सडेच, हेही सांगा. फेब्रुवारीला आपली मराठीच मदत करते: इंग्रजी बोलण्यात पहिला आर बरेचदा गळतो, आपला 'ब्रु' तो धरून ठेवतो. नॉलेजसाठी आधी 'नो', म्हणजे जाणणे, हा शब्द के आणि डब्ल्यूसकट लिहून घ्या, मग 'लेज' जोडा. त्यातला डी मुलं हमखास विसरतात. तेवढाच लाल पेन्सिलीने रंगवू द्या.