रीफर गाडीत भरलेली फळे कोमट का निघाली?

प्रश्न : "आमच्या गटाने पाच टन फळे काढणी होताच रीफर गाडीत भरली. चालकाने ४ अंश तापमान लावले, तासाभरात पडद्यावर ५ दिसू लागले. नऊ तासांनी उतरवून घेताना मात्र पेट्यांतली फळे कोमट होती. दोष यंत्रात होता की डब्यात? आणि हे यंत्र थंडी तयार तरी कशी करते?"

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोष यंत्रात किंवा डब्यात असण्यापेक्षा माल भरण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता मला अधिक वाटते. यंत्र थंडी "तयार" करत नाही. ते डब्यातली उष्णता उचलून बाहेर टाकते. त्यामुळे किती उष्णता बाहेर टाकायची होती आणि नऊ तासांत किती टाकता आली असती, हा हिशेब आधी मांडावा लागतो.

डब्याच्या भिंती, छत आणि तळ यांत दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेला असतो. त्यातल्या बारीक बंद कप्प्यांत वायू अडकलेला असल्याने उष्णता फार हळू आत शिरते, पण शिरणे पूर्ण थांबत नाही. साधारण ७५ मिलिमीटर जाडीच्या चांगल्या भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर, दर चौरस मीटरला सुमारे ०.४ वॅट उष्णता आत येते. पाच टनांच्या गाडीचा एकूण पृष्ठभाग ६० चौरस मीटर आणि बाहेरचे तापमान ३५ अंश धरले, तर आत ५ अंश राखताना भिंतींतून सुमारे ७२० वॅट, म्हणजे एखाद्या छोट्या इस्त्रीएवढी उष्णता सतत येत राहते. एवढी बाहेर टाकणे शीतयंत्राला मुळीच जड नाही.

ही उष्णता उचलण्याचे काम शीतद्रव्य करते. डब्याच्या आत, पुढच्या भिंतीवर बाष्पकाची कॉइल असते. तिच्यात कमी दाबाखाली शीतद्रव्य उकळते आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता पंख्याने फिरणाऱ्या हवेतून ओढून घेते. तयार झालेली वाफ कॉम्प्रेसर दाबतो, त्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते आणि केबिनच्या वर बसवलेल्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव होते. हा द्रव प्रसरण झडपेतून जाताना दाब उतरल्याने थंड होतो आणि पुन्हा कॉइलमध्ये येतो. मोठ्या गाड्यांत कॉम्प्रेसर चालवण्यासाठी स्वतंत्र डिझेल इंजिन असते, त्यामुळे गाडी उभी असली तरी थंडावा चालू राहतो. लहान गाड्यांत मात्र तो बहुधा गाडीच्याच इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो; चालकाने जेवणासाठी इंजिन बंद केले की कॉम्प्रेसरही थांबतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची होती, हे चालकाला अवश्य विचारावे.

आता आपल्या मालाचा हिशेब. काढणीच्या वेळी फळांचा गर २८ अंशांवर होता असे धरू. फळांत बहुतांश पाणीच असल्याने एक किलो फळे एका अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ३.८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पाच टन फळे २८ वरून ४ अंशांवर आणायची तर विजेच्या मापात सुमारे १२७ युनिट उष्णता बाहेर टाकावी लागेल. यंत्राची क्षमता ५ किलोवॅट धरली आणि त्यातून भिंतींची, दाराच्या फटींची आणि फळांच्या स्वतःच्या श्वसनाची उष्णता वजा केली, तर माल थंड करण्यासाठी फार तर ४ किलोवॅट उरतात. नऊ तासांत ते ३६ युनिट होतात आणि तेवढ्यात माल जेमतेम सात अंशांनी उतरतो, म्हणजे २१ अंशांवर येतो. पूर्ण ४ अंशांपर्यंत पोचायला तीस तासांहून अधिक लागले असते, तेही प्रत्येक पेटीपर्यंत हवा पोचली असती तरच. गाडी शीतगृहातून आलेला माल थंड राखण्यासाठी बांधलेली असते, शेतातला माल थंड करण्यासाठी नव्हे.

आपल्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट दुसरीच आहे : तासाभरात पडदा ५ दाखवू लागला. आत पाच टन गरम फळे असताना त्यांच्यामधून फिरून परतलेली हवा इतक्या लवकर थंड दिसूच शकत नाही. ती कित्येक तास उबदार राहायला हवी होती. पडद्यावर बहुधा परतीच्या हवेचे तापमान दिसते. ते असे झटकन उतरले, याचा अर्थ थंड हवा मालात न शिरता जवळच्या वाटेने परत यंत्राकडे गेली. पेट्या छतापर्यंत रचल्या, पुढच्या भिंतीला चिकटवल्या किंवा तळाच्या खाचा पुठ्ठ्याने झाकल्या की नेमके हेच होते. परतीची हवा थंड दिसल्याने तापनियंत्रकाला काम झाले असे वाटते आणि तो यंत्राला विसावा देतो. म्हणजे वरच्या हिशेबातले सात अंशही मिळत नाहीत. डब्याच्या आत बाजूच्या भिंतींवर माल रचण्याच्या उंचीची लाल रेघ असते, तिच्या वर एकही पेटी नको. पेट्यांना भोके असावीत आणि ती एकमेकांसमोर यावीत.

डबा आणि यंत्र निर्दोष आहेत याची खात्री करायची असेल, तर पुढच्या खेपेआधी गाडी रिकामी, दारे बंद करून चालवावी. चांगल्या गाडीत ठरवलेले तापमान गाठल्यावर यंत्र अधूनमधून थांबते किंवा मंद होते. ते अखंड पूर्ण वेगाने चालत राहिले आणि पडदा तरीही उतरेना, तर बाष्पकातून बाहेर पडणारी हवा आणि परतीची हवा यांतला फरक मोजावा. फरक चांगला चार-पाच अंशांचा असेल तर यंत्र काम करते आहे आणि उष्णता डब्यातून शिरते आहे. फरक अगदी थोडा असेल तर शीतद्रव्य कमी झाले असेल, पट्टा घसरत असेल किंवा कॉइलवर बर्फ जमला असेल. दार वारंवार उघडल्याने आत येणारी दमट हवा हा बर्फ जमवते.

डब्यात बघण्याची मुख्य जागा म्हणजे दाराचे रबर. दिवसा एकाने आत उभे राहावे, बाहेर दुसरा दाराशी थांबलेला असावा, आणि दार लावल्यावर कुठून उजेड दिसतो ते पाहावे. दुसरी जागा तळ. मी पाहिलेल्या एका जुन्या गाडीत तळाचा पत्रा फाटून धुण्याचे पाणी फोममध्ये मुरले होते. दाबले की ओल वर येई. पाणी हे फोमच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेते, त्यामुळे असा तळ नुसता पुसून वाळवून भागत नाही, तेवढा फोम कापून नवा भरावा लागतो.

पुढच्या वेळी फळे आधी पूर्वशीतकरण कक्षात उतरवून घ्यावीत, तापमान ४ अंशांच्या जवळ आल्यावरच भरावीत आणि भरण्यापूर्वी डबाही थंड करून घ्यावा. भरताना यंत्र बंद ठेवावे, नाहीतर पंखे उघड्या दारातून गरम दमट हवा आत ओढतात. वेगवेगळ्या थरांतल्या चार-पाच फळांत सुईचा तापमापक खुपसून गराचे तापमान पावतीवर लिहावे आणि उतरवताना त्याच थरांतली फळे पुन्हा मोजावीत. वाद झालाच तर पडद्यावरचा आकडा नव्हे, हे आकडे उपयोगी पडतील.